बंद पिशवीतलं प्लास्टर

पेणमधल्या गणपतीच्या कारखान्यात साच्यात प्लास्टर भरलं की थोड्याच वेळात ते इतकं घट्ट होतं की मूर्ती साच्यातून सोडवता येते. त्याच कारखान्यात शाडूची मूर्ती मात्र कितीतरी दिवस सावलीत वाळत असते. दोन्हींत पाणी घातलेलं, दोन्ही आधी मऊ आणि मग कडक. बघणाऱ्याला साहजिकच वाटतं की एक पटकन वाळतं आणि दुसरं हळूहळू.

आता हेच ओलं प्लास्टर झिपच्या प्लास्टिक पिशवीत ओता, आतली हवा दाबून काढा आणि पिशवी बंद करा. पाण्याचा एक थेंबही बाहेर जायला वाट नाही. वाळण्याचा प्रश्नच नाही. तरीही अर्ध्या-पाऊण तासात पिशवीत कडक वडी तयार होते. प्लास्टर पाण्याखाली ठेवलं तरी ते घट्ट होतं. त्याहून नवलाची गोष्ट म्हणजे घट्ट होता होता पिशवी हाताला चक्क गरम लागू लागते. शेजारच्या पिशवीत बंद केलेली शाडूची माती महिन्याने उघडली तरी ओलीच्या ओली.

याचं कारण जमिनीतून निघणाऱ्या जिप्सम नावाच्या खनिजात आहे. जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट, पण त्याच्या प्रत्येक रेणूबरोबर पाण्याचे दोन रेणू स्फटिकात अडकलेले असतात. हात लावला तर जिप्सम कोरडं ठणठणीत लागतं, आणि तरी त्याच्या वजनाचा पाचवा हिस्सा पाणी असतं. साधारण १२० ते १५० अंश सेल्सियसला ते भाजलं की या पाण्यातला तीन चतुर्थांश भाग वाफ होऊन निघून जातो आणि उरते ती पांढरी भुकटी. हेच आपलं पीओपी. त्यात पाणी घातलं की भुकटी गमावलेलं पाणी परत घेते, सुयांसारखे बारीक स्फटिक वाढतात, एकमेकांत गुंततात आणि गोळा कडक होतो. भट्टीत दिलेल्या उष्णतेचा एक भाग इतके महिने त्या भुकटीत राहिलेला असतो, तो या वेळी बाहेर पडतो. म्हणजे प्लास्टर घट्ट होतं ते पाणी सोडून नव्हे, पाणी धरून.

माध्यमिक शाळेच्या रसायनशास्त्रात स्फटिकजल शिकवताना हे सगळं एका परिच्छेदात सांगून होतं. पस्तीस मिनिटांच्या तासात शिक्षक सांगतात, मुलं लिहून घेतात, ‘समजलं का?’ला ‘हो’ येतं. पण त्याच मुलांना आठवड्याने विचारावं, बंद डब्यातलं प्लास्टर घट्ट होईल का? बरीच जण म्हणतील, नाही, हवा लागल्याशिवाय ते सुकणार कसं? परिच्छेद वहीत गेलेला असतो आणि लहानपणापासून बघितलेलं वाळणं डोक्यात तसंच असतं. हे जुनं चित्र हलवायला मुलाने आधी स्वतःचं उत्तर ठामपणे मांडावं लागतं, मग पिशवी हातात घ्यावी लागते, मग शेजाऱ्याशी वाद घालावा लागतो. या तिन्हींना वेळ लागतो, आणि तो वेळ सांगण्यात खर्च झालेला असतो.

फ्लिप्ड क्लासरूम, म्हणजे उलटा वर्ग, या अडचणीवरचा उपाय आहे. सांगण्याचा भाग छोट्या व्हिडिओत घरी जातो आणि वर्गातला वेळ मोकळा होतो. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात वुडलँड पार्क या डोंगराळ गावात जोनाथन बर्गमन आणि ॲरन सॅम्स हे दोघे रसायनशास्त्र शिकवत. लांबच्या गावांत सामने खेळायला जाणाऱ्या मुलांचे तास बुडत, म्हणून २००७ च्या सुमाराला त्यांनी आपले तास रेकॉर्ड करायला सुरुवात केली. पुढे त्यांच्या लक्षात आलं की मुलाला शिक्षक खरोखर हवा असतो तो अडल्यावर, आणि अडतं ते घरी गृहपाठ करताना. मग त्यांनी दोन्हींच्या जागा बदलल्या. ज्यांच्याकडे इंटरनेट नव्हतं त्यांना ते व्हिडिओ डीव्हीडीवर भरून देत. ही शेवटची गोष्ट आपल्या कामाची आहे, तिच्याकडे पुढे येतोच.

त्याआधी व्हिडिओत काय असावं हा प्रश्न सोडवायला हवा, कारण बहुतेक उलटे वर्ग इथेच बिघडतात. डेरेक म्युलर यांनी सिडनी विद्यापीठात पीएचडीसाठी यावरच संशोधन केलं. ते २००८ साली पूर्ण झालं. त्यांनी भौतिकशास्त्राचे दोन प्रकारचे व्हिडिओ विद्यार्थ्यांना दाखवले. एकात विषय नीटस, स्वच्छ, पायरीपायरीने समजावलेला. दुसऱ्यात एक जण नेहमीची चुकीची समजूत बोलून दाखवतो आणि दुसरा त्याच्याशी बोलत बोलत ती तपासतो. पहिला व्हिडिओ विद्यार्थ्यांना सोपा आणि स्पष्ट वाटला, आपल्याला समजलं याची खात्री वाढली, आणि चाचणीतले गुण जवळजवळ होते तेवढेच राहिले. दुसरा व्हिडिओ गोंधळात टाकणारा वाटला आणि त्यांचे गुण जवळपास दुप्पट झाले.

हे वाचून मी बराच वेळ थक्क होतो. स्वच्छ स्पष्टीकरण ऐकताना मूल आपल्या जुन्या समजुतीलाच मान डोलावत असतं. वेगळं काही सांगितलं जातंय हे त्याच्या लक्षातच येत नाही. म्हणजे प्लास्टरच्या तासासाठी ‘प्लास्टर पाणी धरतं’ असं गोड आवाजात समजावणारा व्हिडिओ हा सगळ्यात वाया जाणारा व्हिडिओ. घरच्या व्हिडिओने उत्तर द्यायचं नाही. त्याने मुलाचं उत्तर बाहेर काढायचं.

आयआयटी मुंबईत शैक्षणिक तंत्रज्ञानावर काम करणाऱ्या सहाना मूर्ती, श्रीधर अय्यर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या रचनेत हेच तत्त्व वापरलं. त्यांच्या व्हिडिओत मध्येच ‘रिफ्लेक्शन स्पॉट’ येतो. शिक्षक प्रश्न विचारतो, व्हिडिओ थांबवायला सांगतो, बघणाऱ्याने काहीतरी लिहायचं आणि मगच पुढे जायचं. आपल्या व्हिडिओचा कणा हा थांबाच आहे.

व्हिडिओ किती मोठा असावा? फिलिप गुओ आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये ऑनलाइन अभ्यासक्रमांतल्या लाखो वेळा पाहिल्या गेलेल्या व्हिडिओंची नोंद तपासली, तेव्हा सहा मिनिटांच्या पलीकडे लोक टिकत नाहीत असं दिसलं. आपण पाच मिनिटं धरू. आता पेणमधली नववी आणि रोह्यातली नववी डोळ्यांसमोर ठेवून ही पाच मिनिटं भरूया.

पहिल्या मिनिटात दोन वाडगे. एकात शाडूची माती, एकात पीओपी. शिक्षिकेचे फक्त हात दिसतात. शाडूत पाणी घालून ती मळली जाते. दुसऱ्या वाडग्यात आधी पाणी आणि मग त्यावर प्लास्टर भुरभुरवलं जातं, कारण उलट केलं तर गुठळ्या होतात. बोलणं अगदी थोडं. दुसऱ्या मिनिटात दोन्ही लगदे दोन झिपच्या पिशव्यांत जातात, हवा निघते, पिशव्या बंद होतात आणि वजनकाट्यावर ठेवल्या जातात. काट्यावरचे आकडे जवळून दाखवायचे, मुलांनी ते वहीत लिहायचे. इथे पडदा पांढरा होतो आणि प्रश्न येतो: उद्या या पिशव्या उघडल्या तर आत काय दिसेल? वजन वाढेल, घटेल की तेवढंच राहील? प्रत्येकाचं कारण लिहा. लिहून झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पुढच्या दोन मिनिटांत फक्त एक दुवा द्यायचा. परीक्षानळीत मोरचुदाचे निळे खडे तापवले की ते पांढरे पडतात आणि नळीच्या तोंडाशी पाण्याचे थेंब जमतात. मग त्या पांढऱ्या भुकटीवर पाणी टाकलं की निळा रंग परत येतो. इथे ‘स्फटिकजल’ हा शब्द सांगायचा, आणि जिप्सम भाजून प्लास्टर बनतं हेही सांगायचं. दोन्हींचा संबंध जोडायचा नाही. शेवटच्या मिनिटात एकच वाक्य: या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे का, हे आपण सोमवारी वर्गात ठरवू.

संबंध न जोडता थांबणं शिक्षकाला फार जड जातं. उत्तर ओठावर असतं. पण काय घरी द्यायचं आणि काय वर्गासाठी राखायचं हे ठरवण्याची कसोटी सोपी आहे. जे मूल एकटं असताना, दोनदा मागे नेऊन, बघून घेऊ शकतं ते घरी: नवा शब्द, प्रयोगाची रीत, काट्यावरचा आकडा. जिथे दुसरा माणूस लागतो ते वर्गात: अंदाज चुकणं, कारणावर भांडणं, गरम पिशवी हातात घेणं.

आता हा व्हिडिओ घरापर्यंत जायचा कसा? पेण आणि रोहा एकाच रेल्वेमार्गावर, मध्ये कासू, नागोठणे, निडी ही स्टेशनं. पण घरची परिस्थिती एकसारखी नाही. रोह्यातल्या बऱ्याच घरांत एकच चांगला फोन आणि तो वडिलांबरोबर धाटावच्या कंपनीत शिफ्टला गेलेला. डोंगराकडच्या वाड्यांवर रेंजची खात्री नाही. म्हणून सोमवारच्या तासाचा व्हिडिओ गुरुवारी पाठवायचा, म्हणजे शनिवार-रविवार हाताशी येतो आणि पहिली पाळी असो की रात्रपाळी, फोन एकदा तरी घरी सापडतो. फाइल लहान ठेवायची. पाच मिनिटांचा व्हिडिओ कमी दर्जावर साठवला तर पंधरा-वीस एमबीत बसतो, आणि वजनकाट्याचे आकडे मोठे चित्रित केले असतील तर तेवढा दर्जा पुरतो. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड चिकटवून व्हिडिओ मुलांपर्यंत नेले. बालभारतीच्या पुस्तकांतही असे कोड आले आणि २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ त्यांना मिळाला. क्यूआर कोडची सोय मोठी आहे, पण त्याला जागेवर नेट लागतं. जिथे ते नाही तिथे मेमरी कार्डावरून फाइल देणं किंवा शुक्रवारी शाळा सुटल्यावर शाळेच्या संगणकावर दाखवणं हाच डीव्हीडीचा आपला अवतार.

व्हिडिओबरोबर एक घरचं काम द्यायचं, आणि ते दोन्ही गावांत वेगळं असावं असं माझं मत आहे. पेणमध्ये विचारायचं: घरातल्या किंवा शेजारच्या कारखान्यात काम करणाऱ्या माणसाला हाच प्रश्न विचारा आणि त्याचं उत्तर लिहून आणा. पेण, हमरापूर, जोहे, कळवे या भागात असा माणूस शोधायला लांब जावं लागत नाही. तो सांगेल की साच्यातलं प्लास्टर गरम होतं. तो हेही सांगेल की पावसाळ्यात उघडी राहिलेली पोती खराब होतात, ते प्लास्टर मग नीट धरत नाही. ही शेवटची माहिती म्हणजे रसायनशास्त्राचा पक्का पुरावा आहे: भुकटीने दमट हवेतूनच पाणी घेऊन टाकलेलं असतं, आता तिला आणखी घ्यायचं उरलेलं नसतं. रोह्यात विचारायचं: हात किंवा पाय मोडल्यावर प्लास्टर घातलेला कुणी सापडतो का? प्लास्टर चढवताना कसं वाटलं? जवळपास प्रत्येकाला ती ऊब आठवते. या उत्तरांमुळे आणखी एक गोष्ट साधते. व्हिडिओ पाहिला का, हे तपासायला सारांश लिहायला सांगितला तर तो पाच मिनिटांत दुसऱ्याच्या वहीतून उतरतो. काकांचं उत्तर उतरवता येत नाही.

सोमवारी तास सुरू होण्याआधी शिक्षिकेने वह्यांतले अंदाज नुसते चाळायचे. तपासायचे नाहीत, गुण द्यायचे नाहीत. कोणती चूक सर्वांत जास्त आहे एवढंच बघायचं. इथे बहुधा तीन गठ्ठे पडतात: हवा नाही म्हणून दोन्ही ओलेच राहतील असं म्हणणारे, दोन्ही कडक होतील म्हणणारे, आणि प्लास्टर कडक होईल, पण त्यातलं पाणी ‘संपल्यामुळे’ पिशवी हलकी होईल म्हणणारे. तिसरा गठ्ठा मला सगळ्यात मोलाचा वाटतो. त्यांचं निम्मं उत्तर बरोबर आहे आणि उरलेल्या निम्म्यात पाणी नाहीसं झालेलं आहे. वर्गातली चर्चा त्यांच्यापासून सुरू करावी.

तास सुरू झाला की पहिली पाच मिनिटं मतदान. फळ्यावर चार पर्याय, मुलांनी छातीशी धरलेल्या बोटांनी उत्तर दाखवायचं, म्हणजे शेजाऱ्याचं बघून बदलता येत नाही. हार्वर्डमधले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मेझर १९९० च्या दशकापासून असंच करत आले आहेत, आणि त्यांनी दिलेला आडाखा फार उपयोगी आहे. तीस टक्क्यांहून कमी मुलं बरोबर असतील तर चर्चेत काही निघत नाही, तिथे एक दुवा पुन्हा द्यावा. सत्तर टक्क्यांहून जास्त असतील तर थोडक्यात आटोपून पुढे जावं. मधल्या पट्ट्यात, म्हणजे पंचेचाळीसच्या वर्गात चौदा ते एकतीस मुलं बरोबर असताना, ‘शेजारच्याला पटवा’ एवढंच म्हणावं आणि दोन मिनिटांनी पुन्हा मत घ्यावं. नुकतंच समजलेलं मूल शेजाऱ्याला शिक्षकापेक्षा चांगलं समजावतं, कारण काय अडत होतं ते त्याला अजून आठवतं.

मग पिशव्या. पाच-पाच मुलांचे नऊ गट, प्रत्येकाला १०० ग्रॅम प्लास्टर, म्हणजे वर्गाला एक किलोत भागतं. पाण्यात मात्र एक युक्ती करायची: तीन गटांना ६० मिलिलिटर, तीन गटांना ७०, तीन गटांना ८०. पाण्यात चिमूटभर मीठ टाकलं तर प्लास्टर लवकर धरतं, आणि पस्तीस मिनिटांच्या तासाला ती घाई हवीच असते. लगदा पिशवीत ओतून, हवा काढून, बंद करून वजन करायचं. थर्मामीटर प्लास्टरमध्ये खुपसला तर तो आतच अडकतो, म्हणून तो पिशवीच्या घडीत बाहेरून धरून फडक्याने गुंडाळायचा आणि दर दोन मिनिटांनी तापमान लिहायचं. सुरुवातीला काहीच होत नाही. मग आकडा हलू लागतो. लगदा आधीच घट्ट झालेला असतो, तरी तापमान चढतच राहतं, दहा-पंधरा अंशांनी सहज, कधी त्याहून जास्त. सगळ्या वर्गाचा आवाज बदलतो तो या क्षणी.

एक सूचना अगदी काटेकोरपणे पाळायची. हाताचा ठसा घेण्यासाठी म्हणून कुणीही बोटं प्लास्टरमध्ये बुडवून ठेवायची नाहीत. २००७ साली इंग्लंडमधल्या एका शाळेत मोठ्या बादलीभर प्लास्टरमध्ये हात ठेवलेल्या मुलीला भाजून आपली बहुतेक बोटं गमवावी लागली होती. गोळा मोठा असेल तर उष्णता बाहेर पडत नाही आणि कडक झालेल्या प्लास्टरमधून हातही निघत नाही. शंभर ग्रॅमची पिशवी बाहेरून धरण्यात हा धोका नाही. उरलेलं प्लास्टर मोरीत ओतायचं नाही हेही आलंच; ते पाइपात पाण्याखालीसुद्धा घट्ट होतं, हे आता मुलांनाच सांगता येईल.

तापमान चढत असताना हात मोकळे असतात, तेव्हा गणित. प्लास्टरचं सूत्र CaSO₄·½H₂O, जिप्समचं CaSO₄·2H₂O. रेणुवस्तुमानं काढली तर १४५ ग्रॅम प्लास्टर २७ ग्रॅम पाणी धरतं आणि १७२ ग्रॅम जिप्सम होतं. मग १०० ग्रॅम प्लास्टरला किती पाणी लागेल? १८.६ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ १९. पण आपण घातलं ६०, ७०, ८०. उरलेलं कुठे आहे? वजन तर तेवढंच आहे, काटा सांगतो. पिशवी उघडली की वडी कडक पण ओलसर लागते. उरलेलं पाणी स्फटिकांच्या सुयांमधल्या पोकळ्यांत साचलेलं असतं, रासायनिकदृष्ट्या बिनकामाचं. ते घालावं लागतं ते फक्त लगदा ओतता यावा म्हणून.

आणि इथे वाळणं पुन्हा भेटीला येतं, पण आपल्या योग्य जागी. नऊ वड्या पिशवीतून काढून, नावं घालून खिडकीजवळ सावलीत ठेवायच्या आणि रोज वजन करायचं. १६०, १७० आणि १८० ग्रॅमवरून त्या उतरू लागतात. आठ-दहा दिवसांनी उतरणं थांबतं, आणि कोणत्याही गटाने कितीही पाणी घातलेलं असो, सगळ्या वड्या ११९ ग्रॅमच्या आसपास येऊन थांबतात. प्लास्टरने आपल्या वाट्याचे १९ ग्रॅम ठेवून घेतले आणि बाकी सगळं सोडून दिलं. घट्ट होणं मिनिटांचं काम होतं, वाळणं दिवसांचं; इतके दिवस डोळ्यांना दोन्ही एकच दिसत होतं. कागदावर काढलेला आकडा वजनकाट्यावर उमटलेला बघणं हा रसायनशास्त्रातला फार मोठा आनंद आहे, आणि तो एका तासापुरता नसून दहा दिवस रोज थोडा थोडा मिळतो.

बाजारचं प्लास्टर शुद्ध नसतं, त्यामुळे आकडा ११५-११६ आला तरी चालेल. त्याहून बराच खाली आला तर प्लास्टर जुनं होतं असं समजावं. तापमानही फारसं चढलेलं नसणार. म्हणूनच आदल्या दिवशी एक पिशवी करून बघणं आवश्यक आहे. वड्या उन्हात किंवा हीटरजवळ ठेवू नयेत, जास्त तापल्या तर जिप्सम आपलं पाणी पुन्हा सोडू लागतं. आणि हा तास जुलै-ऑगस्टमध्ये घेऊ नये. गणपती जवळ आले की विषय सुचतो खरा, पण कोकणातल्या पावसाळी हवेत वड्या वाळत नाहीत आणि प्रयोग अर्धवट राहतो. डिसेंबर-जानेवारीची कोरडी हवा त्याला बरी.

ज्यांनी व्हिडिओ पाहिला नाही त्यांचं काय? पाच-सात मुलं तरी अशी असणारच, आणि शिक्षिकेला वाटतं की पटकन सगळं पुन्हा सांगून टाकावं. तसं एकदा केलं की पुढच्या वेळी कुणीच पाहून येत नाही, कारण न पाहण्याने काही बिघडत नाही हे सगळ्यांना कळतं. त्यापेक्षा त्या मुलांना मागच्या बाकावर शिक्षिकेच्या फोनवर पाच मिनिटं व्हिडिओ बघू द्यावा. तेवढ्यात इतरांचं मतदान होतं, आणि ती मुलं आपला अंदाज लिहून पिशव्या भरायच्या वेळेला गटात येतात. फोन नसलेल्या मुलाला त्यात कमीपणा वाटू नये म्हणून ही जागा कायमचीच असावी, कुणीही तिथे बसून पुन्हा बघावं.

तास फसला हे ओळखायच्या खुणाही आहेत. सगळ्यांचे अंदाज एकसारखे आणि बरोबर आले तर व्हिडिओने उत्तर फोडलं आहे. बहुतेक वेळा एखादं ‘म्हणूनच’ वाक्य शेवटी राहून गेलेलं असतं. वह्यांत अंदाज आहेत पण कारणं नाहीत, तर थांब्याचा प्रश्न फार घाईत गेला आहे, तो पडद्यावर आणखी काही सेकंद ठेवावा. आणि पिशव्या गरम होत असताना मुलं शांतपणे तक्ता भरत बसली असतील, तर त्यांनी आधी कशावरही पैज लावलेली नव्हती असं समजावं.

पेणच्या वर्गात या तासानंतर विसर्जनाचा प्रश्न निघणारच. मे २०२० मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने पीओपीच्या मूर्तींविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या, २०२५ मध्ये विषय मुंबई उच्च न्यायालयात गाजला, आणि कित्येक मुलांच्या घरचं उत्पन्न त्यावर आहे. वर्गाने बाजू घेण्याआधी मोजणी करावी असं मला वाटतं. एक लिटर पाण्यात जिप्सम जेमतेम अडीच ग्रॅमपर्यंत विरघळतं. एक किलो प्लास्टरच्या मूर्तीचं जिप्सम होतं सुमारे ११९० ग्रॅम. ते पूर्ण विरघळायला पाचशे लिटरच्या आसपास पाणी लागेल, तेही सतत ढवळलं तर. शाडूची माती विरघळत नाहीच, तिचे कण नुसते सुटे होतात, पण ते काही तासांत होतात, कारण तिने कोणतंही पाणी धरलेलं नव्हतं.

हा पुढच्या व्हिडिओचा विषय. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने पीओपीच्या मूर्तींसाठी अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणाची रीत सुचवली आणि पुण्यात ती विसर्जनासाठी वापरली गेली. द्रावणात मूर्ती ठेवली की बुडबुडे येतात, काही दिवसांत ती विरघळल्यासारखी खचते, वर अमोनियम सल्फेटचं पाणी राहतं, जे खत म्हणून चालतं, आणि तळाशी पांढरा गाळ उरतो. तो गाळ म्हणजे विरघळायचं राहिलेलं प्लास्टरच, असं बहुतेक मुलं वहीत लिहितील. पण तो कॅल्शियम कार्बोनेट असतो. नीट धुऊन घेतलेल्या त्या गाळावर लिंबू पिळलं तर तो फसफसतो, आणि खिडकीतल्या वडीच्या तुकड्यावर पिळलं तर फारसं काही होत नाही. व्हिडिओत बादली आणि बुडबुडे दाखवावेत, गाळ दाखवावा आणि विचारावं, हे काय आहे? लिंबू व्हिडिओत दाखवायचं नाही, ते वर्गात आणायचं.